सवलत सांगा, पण दुकानाचा भाव उतरू देऊ नका: तीस सेकंदांच्या व्हिडिओची पूर्ण आखणी

नागपूरच्या बर्डीवर संध्याकाळी चक्कर मारली की ऑटोवर लावलेला भोंगा ऐकू येतोच: सेल, सेल, सेल, शेवटचे दोन दिवस. गेल्या वर्षीही शेवटचे दोनच दिवस होते. तो भोंगा ज्या मालासाठी वाजतो त्यासाठी ठीक आहे. दोनशेचा कुर्ता शंभरला घेणाऱ्याला कारण नको असतं. अडचण होते ती धरमपेठेतल्या किंवा महालातल्या एखाद्या दुकानाने नऊ-दहा हजारांची हातमागाची साडी त्याच सुरात रीलवर विकायला काढली की. लाल-पिवळा स्फोट, त्यावर फिरणारा आकडा, मागे ढोल. दोन साड्या जास्त जातात. पुढच्या महिन्यात पूर्ण किंमत सांगितली की ग्राहक म्हणतो, "थांबते, पुन्हा सेल लागेलच ना."

असे व्हिडिओ करण्यात माझा बराच वेळ जातो. त्यातून माझं मत असं झालं आहे की सवलतीने दुकानाची पत जात नाही, कारण नसलेल्या सवलतीने जाते. बाराशे रुपये का कमी झाले हे बघणाऱ्याला कळलं नाही, तर तो स्वतःच उत्तर काढतो: माल पडून असेल, किंवा आधीची किंमतच फुगवलेली असेल. म्हणून खालची सगळी आखणी एका क्रमावर उभी आहे. आधी वस्तू, मग पूर्ण किंमत आणि ती का आहे, मग कमी करण्याचं कारण, आणि सगळ्यात शेवटी कमी झालेला आकडा.

उदाहरण म्हणून विदर्भाची करवतकाठी घेऊ. नागपूर-भंडारा पट्ट्यात हातमागावर विणली जाणारी, भौगोलिक मानांकन मिळालेली ही साडी. अंग टसरचं, काठ सुती, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी. खाली दिलेल्या किमती हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

कॅमेरा काढण्याआधी: कारण आणि हिशेब

ऑफर एका वाक्यात लिहा, मग त्यातला आकडा खोडा. उरलेलं वाक्य अजूनही काही सांगतं का ते बघा. "करवतकाठीवर भव्य सूट" यातून आकडा काढला तर हाती काहीच राहत नाही. "आषाढात मागावर काम कमी असतं, तेव्हा बुकिंग करणाऱ्याला किंमत कमी" यातून आकडा काढला तरी गोष्ट उभी राहते. व्हिडिओ दुसऱ्या वाक्याचा होतो.

हे कारण मी मुद्दाम निवडलंय, कारण ते खरं आहे आणि इथल्या प्रत्येकाला न समजावता कळतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात, ते थेट तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. मधल्या काळात दुकानात शुकशुकाट आणि विणकराकडे ऑर्डर कमी. मग दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना एकदम साड्या हव्या असतात. आषाढातच बुकिंग घेतलं तर माग चालू राहतो, दुकानाला आगाऊ रक्कम मिळते आणि कार्तिकात लग्न असलेल्या घराला हवा तो रंग सांगता येतो. ग्राहक थांबायला तयार आहे, त्याचा मोबदला म्हणून किंमत कमी. यात कोणालाही साडी हलकी वाटण्याचं कारण उरत नाही.

चालणारी आणखी कारणं असतात: एखाद्या रंगाचा शेवटचा नग, काठाची रचना बदलल्यामुळे बंद होणारी जुनी रचना, विणताना राहिलेला छोटासा दोष (तो कॅमेऱ्यासमोर बोट ठेवून दाखवायचा). न चालणारी कारणं म्हणजे "ग्राहकांच्या आग्रहास्तव" आणि "आमच्या प्रेमापोटी".

आता हिशेब. साडीची किंमत ९,५००. समजा विणकराला ५,८०० जातात, दुकानाचा बाकी खर्च ९०० पडतो, म्हणजे हाती २,८०० उरतात. बाराशे कमी केले तर किंमत ८,३०० आणि हाती १,६००. एरवी दहा साड्यांवर मिळणारे २८,००० आता मिळवायला अठरा साड्या विकाव्या लागतील. हा गुणाकार न करता ऑफर लावणारी दुकानं मी पाहिली आहेत. व्हिडिओ चालला, धावपळ झाली, गल्ल्यात मात्र आधीइतकेच. विणकराच्या ५,८०० ला हात लावायचा नाही, हे इथेच ठरवून टाका, कारण तेच वाक्य पुढे व्हिडिओत उपयोगी पडणार आहे.

मर्यादाही इथेच ठरते. किती माग तुमच्यासाठी चालतात, एका साडीला किती दिवस लागतात, हे विणकराला विचारा आणि तुळशीच्या लग्नाआधी खरोखर किती साड्या हातात येतील ते काढा. समजा चोवीस. मग बुकिंग चोवीस घ्यायचं, पंचविसाव्याला नाही म्हणायचं.

रुपयात सांगायचं की टक्क्यात? इथे बाराशे म्हणजे साधारण साडेबारा टक्के. टक्का लहान दिसतो आणि लगेच सेलच्या पाटीची आठवण करून देतो. वस्तू महाग असेल तर रुपयात बोला, तेही कमी झालेली रक्कम न सांगता थेट नवी किंमत सांगा. "बाराशेची सूट" म्हटलं की लक्ष सवलतीकडे जातं, "आषाढ बुकिंगला आठ हजार तीनशे" म्हटलं की साडीकडे राहतं.

बोलायचं काय: सेकंदागणिक

दुकान चालवणाऱ्या ताईंनी बहुधा असा मजकूर लिहून ठेवलेला असतो: "आषाढ धमाका! साडेनऊ हजारांची साडी फक्त आठ हजार तीनशेला! त्वरा करा, संधी पुन्हा येणार नाही!" वाचायला चार-पाच सेकंद. उरलेली पंचवीस सेकंदं काय दाखवायचं ते सुचत नाही, म्हणून साड्यांचे ढीग दाखवले जातात. ढीग दिसला की माल स्वस्त वाटतो, हे तर वेगळंच नुकसान.

निवांत बोलणाऱ्या माणसाचे तीस सेकंदांत साधारण पासष्ट ते सत्तर शब्द होतात. तेवढ्यात मी हे असं बसवेन.

पहिली चार सेकंदं. पडद्यावर फक्त काठाचे दात, अगदी जवळून, आणि बोटाचं टोक त्यावरून सरकतंय. आवाज: "हे दात बघा. हे छापलेले नाहीत, विणलेले आहेत."

लोक पहिल्या दोन-तीन सेकंदांतच पुढे सरकवतात, त्यामुळे आकडा सुरुवातीलाच टाकावा असं वाटणं साहजिक आहे. पण आकड्याने थांबणारा माणूस आकड्यासाठीच थांबतो आणि पुढे आणखी कमी आकडा विचारतो. दातांवर थांबलेला माणूस साडी घेणारा असण्याची शक्यता जास्त. बघणारे कमी मिळतील, हे मान्य करूनच हा रस्ता धरायचा.

चार ते बारा. मागावरचं दृश्य, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना. "अंग टसरचं, काठ सुती. दोन्ही जोडायला मागावर तीन धोटे फिरतात. म्हणून या साडीची किंमत साडेनऊ हजार आहे."

सगळ्या व्हिडिओत हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण किंमत मान खाली न घालता, कारणासकट सांगायची. ती आधी मनात बसली नाही तर नंतरचे आठ हजार तीनशे कशाच्या तुलनेत कमी, हे कळायला मार्गच नाही. ताई इथे हमखास अडखळतात, "किंमत तशी जास्तच आहे, पण" असं काहीतरी पुटपुटतात. पुन्हा घ्या. जितक्या सहज आपण नाव सांगतो तितक्या सहज साडेनऊ हजार निघेपर्यंत घ्या.

बारा ते वीस. ताई स्वतः समोर, हातात एकच साडी. "आषाढात लग्नं नसतात, माग रिकामे पडून राहतात. आत्ता बुकिंग आलं तर विणकराला काम राहते, अन् दिवाळीच्या घाईत आमची धावपळ होत नाही."

दुकानाचाही फायदा आहे हे लपवायचं नाही. कोणी उगाच मोठं मन दाखवतोय असं वाटलं की ऐकणारा सावध होतो. आणि बोली नागपुरीच राहू द्या. ताई एरवी "राहून राहिले", "काऊन" म्हणत असतील तर पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी देऊ नका, नाहीतर बातम्या वाचल्यासारखं होतं.

वीस ते सव्वीस. तीच ताई, तोच सूर. "म्हणून आषाढात बुक केली तर हीच साडी आठ हजार तीनशेला. विणकराची मजुरी तेवढीच."

शेवटची चार. साडीची घडी, त्यावर हात. "चोवीसच होतील. तुळशीच्या लग्नाआधी हाती येईल."

"त्वरा करा" कुठेच नाही. चोवीस हा खरा आकडा आहे आणि तो खरा असल्याचं मागाच्या दृश्याने आधीच पटवलं आहे.

शूटिंग: टसर प्लॅस्टिकसारखं दिसू नये म्हणून

टसरची चमक मंद आणि थोडी खडबडीत असते. समोरून रिंग लाइट मारला की ती सपाट होते आणि दहा हजारांची साडी सिंथेटिक वाटते. साडी खिडकीजवळ न्या, उजेड एका बाजूने येऊ द्या, दुकानातल्या ट्यूबलाइट बंद करा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ यासाठी फार चांगलं, उन्हाळ्यातलं दुपारचं नागपुरी ऊन निव्वळ कुचकामी. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पांढरं सुती कापड टाका.

फोनमध्ये काठावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. नाहीतर हात फ्रेममध्ये आला की रंग बदलतो आणि साडी घरी गेल्यावर "व्हिडिओत वेगळा रंग होता" ऐकावं लागतं. दिवे लावावेच लागले आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर ते विजेच्या पन्नास हर्ट्झचे असतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की सहसा जातात.

फ्रेममध्ये एकच साडी, आजूबाजूला जागा रिकामी. मागे हँगरची रांग, किमतीच्या चिठ्ठ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसत असतील तर काढा. माग दाखवायचा असेल तर विणकराची परवानगी घ्या आणि धोट्याचा खरा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. तोच तुमचं पार्श्वसंगीत. त्यावर ढोल-ताशा चढवला तर दातांनी केलेलं काम वाया गेलं.

पडद्यावरचा मजकूर

इथे सगळ्यात जास्त व्हिडिओ बिघडतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० पिक्सेलचा. त्यावर ॲपची स्वतःची बटणं, नाव, कॅप्शन येतात. इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी रील्सच्या जाहिरातींसाठी वरचा १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा ६ टक्के भाग मोकळा ठेवायला सांगते. साध्या रीललाही हाच नियम लावा. म्हणजे वरून साधारण २७० आणि खालून ६७० पिक्सेल सोडून मधल्या पट्ट्यात लिहायचं. खाली लिहिलेली किंमत कॅप्शनखाली अर्धी झाकली जाते आणि "८,३" एवढंच दिसतं.

लिहायचं फक्त दोनदा. नवव्या सेकंदाच्या आसपास "करवतकाठी टसर ₹९,५००". एकविसाव्या सेकंदाला दोन ओळी: वर "एरवी ₹९,५००", खाली "आषाढ बुकिंग ₹८,३००". दोन्ही ओळी एकाच आकारात, एकाच रंगात. जुन्या किमतीवर काट मारायची नाही. काट मारली की तुम्ही स्वतःच सांगता की ती किंमत खोटी होती, आणि श्रावण लागल्यावर तीच किंमत तुम्हाला पुन्हा मागायची आहे.

रंग साडीतूनच उचला: काठाचा गडद रंग किंवा टसरचा मधासारखा. फॉन्ट मुक्ता किंवा हिंदसारखा साधा, मध्यम जाडीचा, सत्तर पिक्सेलच्या आसपास. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये अंतर थोडं जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. अक्षरं यायला आणि जायला साधा फेड पुरे. उडी मारणारा, थरथरणारा, गोल फिरणारा आकडा नको. प्रत्येक मजकूर निदान तीन सेकंद स्थिर ठेवा.

झाल्यावर दोन तपासण्या. आवाज बंद करून एकदा बघा: कारण कळलं का? नसेल तर बाराव्या सेकंदाला "आषाढात माग रिकामे असतात" एवढी ओळ जोडा. मग डोळे मिटून एकदा ऐका: आकडा येतो तिथे आवाज चढतो का? चढत असेल तर तेवढं वाक्य पुन्हा रेकॉर्ड करा. आवाज चढला की भोंगा आठवतो.

कव्हर, कॅप्शन आणि मुदत

रील पाहून झालं तरी प्रोफाइलच्या जाळीत त्याचं कव्हर राहतं. तिथे सवलतीचा आकडा असला तर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या ग्राहकालाही आधी सेलच दिसतो. म्हणून कव्हरवर दातांचं छायाचित्र, आकडा नाही. त्याहून चांगलं म्हणजे एकाच शूटिंगमधून दोन व्हिडिओ कापायचे. एक फक्त साडीचा आणि पूर्ण किमतीचा, तो कायम ठेवायचा. दुसरा ऑफरचा, मुदत संपली की तो अर्काइव्हमध्ये टाकायचा. टाकलेल्या रीलमधला व्हिडिओ नंतर बदलता येत नाही, कॅप्शन बदलता येतं. त्यामुळे तारीख व्हिडिओत नको, कॅप्शनच्या पहिल्या ओळीत हवी: "बुकिंग आषाढ अमावास्येपर्यंत", आणि पुढे इंग्रजी तारीख. आगाऊ रक्कम किती, साडी केव्हा मिळेल, बुकिंग रद्द केलं तर काय, हेही तिथेच लिहा. कुरिअरचे पैसे वेगळे असतील तर तेही आत्ताच. किंमत विचारणाऱ्याला "इनबॉक्स करा" म्हणू नका. किंमत लपवली की प्रत्येकाला वेगळी सांगतात असा संशय येतो.

शेवटच्या दिवसाची आठवण रीलने नाही, स्टोरीने द्या. ती चोवीस तासांत जाते. आणि मुदत वाढवू नका. चोवीसपैकी पंधराच साड्या बुक झाल्या तरी अमावास्येला बंद. इथे कायदाही तुमच्या विरुद्ध बाजूला उभा आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल आणि २०२३ साली ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि दुसऱ्या यादीत खोटी घाई निर्माण करणं स्पष्ट नमूद आहे. ज्या किमतीला साडी कधी विकलीच नाही ती "एरवी" म्हणून दाखवणंही याच दिशाभुलीत जातं. जुनी बिलं जपून ठेवा.

व्हिडिओ टाकण्याच्या आदल्या दिवशी एक काम राहतं. जेठ-वैशाखात पूर्ण किमतीला साडी नेलेल्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर स्वतः कळवायचं: "ताई, आषाढात बुकिंगची वेगळी किंमत ठेवून राहिलो, साडी दिवाळीजवळ मिळेल. तुमची तर लगेच हवी होती, पण बहिणीला-नणंदेला हवी असेल तर आधी तुम्हाला सांगतो." त्यांना फरकाचं कारण मिळतं आणि रीलवर अचानक कमी किंमत दिसल्याचा राग येत नाही. पूर्ण किमतीला घेणारा ग्राहक दुखावला, तर चोवीस बुकिंगनीही ते भरून निघत नाही.

बिघडलं हे कसं ओळखायचं

व्ह्यूजवरून नाही. पहिल्या दोन दिवसांतले प्रश्न वाचा. "रंग कोणते?", "अंजिरी मिळेल का?", "नवरीच्या आईसाठी कोणती चांगली?" असे प्रश्न जास्त असतील तर ठीक चाललंय. "लास्ट किती?", "दोन घेतल्या तर?", "आणखी काऊन कमी नाही करत?" असे जास्त असतील तर बघणाऱ्याने कारण ऐकलेलंच नाही. बहुधा बारा ते वीस सेकंदांचा भाग घाईत गेला आहे किंवा आकडा फार लवकर आला आहे. त्या वेळी किंमत आणखी उतरवू नका, टाकलेला व्हिडिओ हटवा आणि क्रम सुधारून पुन्हा टाका.

खरी परीक्षा श्रावण-भाद्रपदात. पोळ्यानंतर, गौरी-गणपतीच्या खरेदीला पूर्ण किमतीच्या साड्या मागच्या वर्षीइतक्या गेल्या का ते वहीत बघा. घटल्या असतील आणि "आता ऑफर नाही का?" हा प्रश्न काउंटरवर वरचेवर येत असेल, तर वर्षात ऑफर जास्त झाल्या. माझ्या मते हातमागाच्या दुकानाला आषाढाचं बुकिंग आणि फार तर उरलेल्या नगांची एक फेरी, एवढ्या दोन पुरेत. हे सगळं दोनशेच्या कुर्त्याला लागू नाही. त्याला कारण जोडत बसलात तर लोक हसतील, तिथे भोंगाच बरा.

पुढच्या वर्षी आषाढात तेच कारण, तीच किंमतीची रीत ठेवा, फक्त दातांचं दृश्य नवीन घ्या आणि विणकराकडून त्या वर्षीची साड्यांची संख्या पुन्हा विचारून घ्या.